पिठाचे वय, डाळीचे वय

बाजरी कोठीत वर्षभर टिकते, पण तिचे पीठ आठ-दहा दिवसांत कडू होऊ लागते. हे घरोघरी ठाऊक असते, म्हणून बाजरीचे दळण महिनाभराचे कोणी आणत नाही. गव्हाच्या पिठाबाबत मात्र हाच हिशेब विसरला जातो. महिन्याच्या किराणा यादीत ‘आटा १० किलो’ असे लिहिले जाते, दुकानात सवलतीचे मोठे पाकीट उचलले जाते आणि त्यावरच्या ठळक अक्षरांकडे पाहून निवड होते. ‘चक्की फ्रेश’, ‘शंभर टक्के आटा’, डाळीवर ‘अनपॉलिश्ड’. यातले काही खरे असते, काही अर्धवट. पण खरेदीला खरोखर उपयोगी पडणारी माहिती बहुतेक वेळा पाकिटाच्या मागे, बारीक अक्षरांत छापलेली असते.

आधी पीठ का बिघडते ते पाहू. गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेर कोंडा, आत पांढरा पिठूळ भाग आणि एका टोकाला छोटासा अंकुर. अंकुरात तेल असते. कोंड्यात आणि अंकुरात लायपेज नावाचे एन्झाइम असते, ते तेलाचे विघटन करते. दाणा अखंड असतो तोवर ही दोन्ही आपापल्या जागी असतात. दळताना दाणा फुटतो, तेल आणि एन्झाइम एकमेकांत मिसळतात, वरून हवेतला ऑक्सिजन लागतो. त्या क्षणापासून पिठाचे घड्याळ सुरू होते. तेलापासून मोकळी आम्ले तयार होतात, ती हवेने खराब होतात आणि पिठाला खवट वास, पोळीला किंचित कडसर चव येते. बाजरीत तेल जास्त, म्हणून तिचे घड्याळ वेगाने पळते. गव्हाचे सावकाश चालते, पण थांबत नाही. मैद्यात कोंडा आणि अंकुर जवळजवळ नसतोच, म्हणून तो जास्त टिकतो. जे पीठ लवकर बिघडते तेच पोषणाने भरलेले असते, ही थोडी गैरसोयीची गोष्ट आहे.

अन्न सुरक्षा मानकांतही हे घड्याळ मोजण्याची सोय आहे. पिठातली आम्लता तपासली जाते. आट्यासाठी तिची मर्यादा ०.१८ टक्के आहे, मैद्यासाठी ०.१२ टक्के. शिळ्या किंवा दमट जागी ठेवलेल्या पिठात ही आम्लता वाढते. घरी प्रयोगशाळा नसते, पण नाक असते. चमचाभर पीठ कोमट पाण्यात कालवून दोन मिनिटांनी वास घ्यावा. ताज्या पिठाला गव्हाचा गोडसर वास येतो. जुन्या तेलाच्या बुधलीसारखा वास आला तर त्या पिठाचे दिवस भरले. खवट पिठाची एखादी पोळी खाऊन कोणी आजारी पडत नाही, हेही सांगायला हवे. मात्र त्यातले ‘ई’ जीवनसत्त्व कमी झालेले असते, आणि घरातली लहान मुले व म्हातारी माणसे अशी पोळी अर्धी टाकून उठतात.

आता ‘चक्की’ या शब्दाकडे. चक्कीत गहू दोन दगडांमध्ये भरडला जातो आणि कोंडा, अंकुर, पिठूळ भाग एकत्रच बाहेर पडतो. रोलर मिलमध्ये पोलादी रुळांच्या जोड्या आणि चाळण्या असतात. तिथे दाणा उलगडत जातो आणि मैदा, रवा, कोंडा वेगवेगळे निघतात. आटा हवा असेल तर ते पुन्हा योग्य प्रमाणात एकत्र करावे लागतात. अंकुर आणि सगळा कोंडा परत मिसळला तर रोलरचा आटाही पूर्ण असतो, कमी मिसळला तर तो मैद्याकडे झुकतो. दगडाच्या घर्षणाने स्टार्चचे कण जास्त तुटतात. असे पीठ पाणी जास्त शोषते, म्हणून चक्कीच्या पिठाची पोळी मऊ होते आणि मऊ राहते. चक्कीचा खरा फायदा हा आहे. ‘दगडावर दळल्याने साखर वाढत नाही’ असे जे सांगितले जाते, त्यावर मधुमेह असलेल्यांनी फार विसंबू नये. पिठात कोंडा किती राहिला आणि ताटात पोळ्या किती आल्या, हे दोन प्रश्न दगडापेक्षा महत्त्वाचे आहेत.

आणखी एक गैरसमज. चक्कीचे पीठ ‘थंड’ दळलेले असते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात वेगाने फिरणाऱ्या दगडांतून पीठ चांगले तापून निघते, रोलरमधून त्या मानाने थंड. कोपऱ्यावरच्या गिरणीतून आणलेला डबा हाताला गरम लागतो तो त्यामुळेच. हे गरम पीठ झाकण घट्ट लावून ठेवले की वाफ आतल्या बाजूला जमते, पाणी पिठात उतरते, गुठळ्या होतात आणि बुरशीला आयते घर मिळते. घरी आल्यावर परातीत किंवा स्वच्छ कापडावर पसरून, पूर्ण गार झाल्यावरच डबा भरावा. गिरणीच्या दगडांना नुकतीच टाकी लावलेली असेल तर पहिल्या दळणात कच येते. त्या दिवशी दळण दुसऱ्याचे आधी जाऊ द्यावे. आणि घरात कुणाला सीलिअॅक आजार असेल, म्हणजे गव्हातले ग्लुटेन चालत नसेल, तर गव्हाच्या पाठोपाठ त्याच गिरणीत दळलेली ज्वारी त्याच्यासाठी सुरक्षित नाही. दगडांत अडकलेले गव्हाचे पीठ त्रास द्यायला पुरेसे असते.

पाकीटच घ्यायचे असेल तर मागची घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. ‘संपूर्ण गहू’ एवढेच असेल तर उत्तम. यादीत मैदा दिसला तर पुढच्या बाजूला काहीही लिहिलेले असो, पाकीट परत ठेवावे. अनेक पाकिटांवर तंतूचे प्रमाण दिलेले असते. संपूर्ण गव्हाच्या पिठात १०० ग्रॅमला सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात ३ ग्रॅमहून कमी. छापलेला आकडा ११ च्या जवळ आहे की निम्म्यावर आला आहे, एवढे पाहिले तरी कोंड्याचे काय झाले ते कळते. ‘मल्टिग्रेन’ पिठात बहुतेकदा मोठा वाटा गव्हाचाच असतो आणि बाकीची धान्ये चमचा-चमचाभर. टक्केवारी वाचून जादा पैसे द्यायचे की नाही ते ठरवावे.

तारखेचा हिशेब एका उदाहरणाने करू. पुण्यातले चार माणसांचे घर घ्या. माणशी दिवसाला तीन पोळ्या, म्हणजे साधारण ८० ग्रॅम पीठ. चौघांचे ३२० ग्रॅम. १० किलोचे पाकीट ३१ दिवस जाते, ५ किलोचे सुमारे १५ दिवस. ५ जुलैला खरेदी आहे. समोर दोन पाकिटे आहेत. पहिले १० किलोचे, सवलतीत, १२ मे रोजी भरलेले, तीन महिन्यांची मुदत असलेले. दुसरे ५ किलोचे, किलोमागे थोडे महाग, २४ जून रोजी भरलेले.

पहिले पाकीट घरी येते तेव्हाच ५४ दिवसांचे असते. ते संपेल ५ ऑगस्टला, म्हणजे ८५व्या दिवशी. कागदावर मुदतीच्या आत. पण मुदत छापताना पाकीट बंद, कोरड्या आणि थंड जागी आहे असे धरलेले असते. इथे ते उघडून महिनाभर, तेही पावसाळ्यात, गॅसच्या शेजारच्या डब्यात राहणार. रोज झाकण उघडले की दमट हवा आत जाते आणि पीठ ती शोषते. आट्यात ओलावा १४ टक्क्यांच्या वर नसावा असे मानक सांगते. पावसाळ्यात उघड्या-झाकल्या डब्यात तो वाढत जातो. तो वाढला की आम्लता, कीड आणि बुरशी तिन्हींना वेग येतो. दुसरे पाकीट ११ दिवसांचे असताना येते आणि २० जुलैच्या आसपास, वयाच्या २६व्या दिवशी संपते. मग पुन्हा ताजे ५ किलो. किलोमागे जे चार-दोन रुपये जास्त गेले ते शेवटच्या आठवड्यात फेकाव्या लागणाऱ्या पिठातून बहुधा वसूल होतात. मोठी सवलत बहुतेकदा जुना माल हलवण्यासाठी असते, हे दुकानदार उघड बोलत नाही, पण तारीख बोलते. जानेवारीत, कोरड्या थंडीत, १० किलोचे ताजे पाकीट घ्यायला हरकत नाही. गहू निवडून महिन्याचा घेणे आणि दळण पंधरा दिवसांनी आणणे, हा जुना मार्ग तर कधीही चांगला.

आट्याच्या बाबतीत पॅकिंगची तारीख भरवशाची असते, कारण मोठ्या गिरण्यांत पीठ दळले की लगेच भरले जाते. डाळीचे तसे नाही. डाळ एका ठिकाणी तयार होते, पोत्यांतून दुसरीकडे जाते, कोठारात थांबते आणि मग तिसरा कोणी तिची किलोची पाकिटे करतो. पाकिटावरची तारीख त्या शेवटच्या टप्प्याची असू शकते. महाराष्ट्रात तुरीची काढणी साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत होते आणि नवी तूर लातूर, अकोल्याच्या बाजारांत जानेवारीपासून येऊ लागते. म्हणून नोव्हेंबरात भरलेल्या पाकिटातली देशी डाळ ‘ताजी’ दिसली तरी आदल्या हंगामाची असते. मोझांबिक, टांझानिया, म्यानमार इथूनही तूर येते. आयात मालावर देशाचे नाव असते. उत्पादक आणि पॅकिंग करणारा एकच आहे की वेगवेगळे, तेही पाकिटावर दिलेले असते. दोन्ही एकाच पत्त्यावर असतील तर तारखेला जास्त अर्थ आहे.

डाळ पिठासारखी खवट होत नाही, तिचे म्हातारपण वेगळे असते. उष्ण आणि दमट कोठारात महिनोन्‌महिने राहिलेल्या डाळीच्या पेशींना जोडणारा पेक्टिन नावाचा पदार्थ हळूहळू घट्ट होतो. दाण्यातलेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळे होऊन त्याला बांधून टाकतात. मग चार शिट्यांची डाळ सात शिट्यांनीही गळत नाही. वरण पाणी एकीकडे, डाळ एकीकडे. बोअरच्या जड पाण्यात असेच होते, कारण त्यातही तेच क्षार असतात. म्हणून दोष डाळीचा की पाण्याचा हे ठरवायचे असेल तर एक वाटी डाळ फिल्टरच्या पाण्यात शिजवून पाहावी. सोडा घालून डाळ मऊ करण्याची सवय मात्र सोडावी. सोड्याने डाळीतले ‘बी-१’ जीवनसत्त्व नष्ट होते, आणि रक्तदाबाच्या रुग्णाच्या ताटात नको असलेले सोडियम वाढते. नवा ब्रँड घेताना आधी अर्धा किलो आणून शिजवून पाहणे एवढीच खात्रीची परीक्षा.

‘अनपॉलिश्ड’चा अर्थ समजायला तूर डाळ कशी होते ते पाहावे लागते. तुरीचे साल आतल्या डाळीला डिंकासारख्या थराने चिकटलेले असते, हरभऱ्यासारखे ते सहज सुटत नाही. म्हणून गिरणीत तूर आधी खरबरीत रुळांवर घासून तिच्या सालीला ओरखडे पाडतात, थोडे तेल चोळतात, उन्हात वाळवतात, पाणी मारून रात्रभर ढिगात ठेवतात, पुन्हा वाळवतात आणि मग साल काढून डाळ फोडतात. काही भागांत तूर सरळ पाण्यात भिजवून वाळवण्याची पद्धत आहे. तशी डाळ शिजायला जास्त वेळ घेते. शेवटी येते पॉलिश. पाणी, तेल किंवा पट्ट्यांनी घासून डाळीला चमक आणतात, कधी शंखजिऱ्याची भुकटीही वापरली जाते. या घासण्यात डाळीचा बाहेरचा थर आणि अंकुर भुकटी होऊन जातो. ती ‘चुनी’ जनावरांच्या खाद्यात जाते. बाहेरच्या थरात प्रथिने आतल्यापेक्षा जास्त असतात, म्हणजे गायीचे भले होते.

त्यामुळे कमी घासलेली डाळ बरी, यात शंका नाही. पण फरक दुप्पट किमतीचा नाही. वरणातली बहुतेक प्रथिने दोन्ही डाळींत तितकीच असतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या छोट्या डाळ गिरणीवर बचतगट तयार करतात ती डाळही बहुतेकदा मंद रंगाची, किंचित खरबरीत, क्वचित सालीचा तुकडा राहिलेली असते. ती वाजवी भावात मिळाली तर ‘अनपॉलिश्ड’ लिहिलेल्या महाग पाकिटाची गरज नाही. हातात घेतल्यावर डाळ निसटत असेल, सगळे दाणे सारखेच चकाकत असतील आणि पांढऱ्या कापडावर चोळल्यावर तेलकट डाग किंवा भुकटी उतरत असेल, तर ती घासलेली आहे. डाळ धुताना पाणी पांढुरके होतेच, ते स्टार्चचे असते. पाणी लगेच पिवळेधमक झाले तर मात्र डाळ वापरू नये, कारण डाळीत कृत्रिम रंग घालायला परवानगीच नाही.

साठवणीचा प्रश्न अख्ख्या कडधान्यांत जास्त येतो. मूग, मटकी, चवळी यांच्या दाण्यावर खसखशीहूनही बारीक पांढरा ठिपका दिसतो, ते भुंग्याचे अंडे. अनेकदा ते शेतातच घातले गेलेले असते. अळी दाण्याच्या आत वाढते आणि उबदार हवेत साधारण तीन ते चार आठवड्यांत गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. म्हणजे महिन्याचे सामान भरणाऱ्या घरात बंद पाकिटातून, बरोबर पुढच्या खरेदीच्या सुमारास. पाकीट हवाबंद होते, मग किडा आला कुठून, या प्रश्नाचे उत्तर हे आहे. फोडलेल्या डाळीत हा भुंगा कमी लागतो. म्हणून पावसाळ्यात डाळ महिन्याची आणि अख्खी कडधान्ये पंधरा दिवसांची घ्यावीत, किंवा आणल्याबरोबर पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. निर्वात पाकिटांचा दावा खरा असतो, हवेशिवाय किडे मरतात. पण पाकीट फुगलेले किंवा सैल पडलेले असेल तर तो दावा तिथेच संपला.

पिठातले तांबडे किडे एक-दोन दिसले तर पीठ चाळून वापरता येते. खूप झाले असतील, पिठाला गुलाबीसर छटा आणि झणझणीत वास आला असेल, तर चाळून उपयोग नाही. त्या किड्यांचे स्राव पिठात मिसळलेले असतात. बुरशीचा कुबट वास आलेले धान्य तर धुऊन, वाळवून, भाजूनही घेऊ नये. काही बुरशांचे विष यकृताला घातक असते आणि ते शिजवण्याने जात नाही. जुन्या पिठावर नवे ओतण्याची सवयही वाईट. डबा रिकामा करून, कडेच्या खाचेतली भुकटी पुसून, कोरडा करूनच भरावा.

सर्वात मोठा धोका मात्र घरातच आणला जातो. धान्यात बोरिक पावडर मिसळणे किंवा पाऱ्याच्या टिकड्या ठेवणे अजून चालते. एरंडेलाचा हात आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला यांनी जे काम होते त्यासाठी ही विषे स्वयंपाकघरात नकोत. आणि गव्हात टाकायची राखाडी गोळी, अॅल्युमिनियम फॉस्फाइड, ती तर घरात येताच कामा नये. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो. गव्हाच्या कोठीशेजारी झोपलेल्या माणसांचा त्याने जीव जाऊ शकतो, गोळी कुणी खाल्ली नसली तरीही. कायद्याने ही गोळी फक्त सरकारी यंत्रणा आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालील कोठारांसाठी आहे, तरी ती सुटी विकली जाते. घरात लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येऊन एकाच वेळी दोघा-तिघांना मळमळ, उलट्या, छातीत दडपण, धाप असे होऊ लागले, तर ते अन्नातले विष समजून लिंबूपाणी देत बसू नये. सगळ्यांनी लगेच मोकळ्या हवेत यावे आणि थेट अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे. कोठीत गोळी होती हे दारातच डॉक्टरांना सांगावे. या विषाला उतारा नाही, आणि पहिले काही तास हातातून जाऊ द्यायचे नसतात.